काम पोचतं झालं. आता मास्टर कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा?

प्रश्न : मी साताऱ्यात एकट्यानं व्हिडिओ संकलनाची कामं करतो. एका शिक्षण संस्थेच्या अमृतमहोत्सवासाठी ४२ मिनिटांचा माहितीपट केला. कॅमेरा फोर-के, १० बिटचा. टाइमलाइन १०८०पी, २५ फ्रेम. दाविंची रिझॉल्व्ह, विंडोज लॅपटॉप. संस्थेला एच.२६४ ची एमपी४ फाइल दिली, ती साधारण ६ जीबी आहे. यूट्यूबसाठी ३ जीबीची वेगळी केली, शिवाय रील्स. पैसे मिळाले, काम संपलं. आता १.४ टीबीचा प्रोजेक्ट डिस्कवर बसलाय आणि पुढच्या कामाला जागा नाही. मित्र म्हणतो ६ जीबीवाली फाइल ठेव आणि बाकी उडव. कुणी प्रोरेस सांगतं, कुणी ‘लॉसलेस’ सांगतं. काही फुटेज संस्थेच्या २००३ सालच्या मिनी-डीव्ही कॅसेटींवरून घेतलेलं आहे. नेमकं काय ठेवू?
— एक संकलक, सातारा

उत्तर : ६ जीबीची फाइल मास्टर म्हणून ठेवू नका. प्रोजेक्ट अजून उघडतोय, सगळं फुटेज जागेवर आहे, तोवर त्याच टाइमलाइनवरून `DNxHR HQX 10-bit` मध्ये एक पूर्ण फाइल रेंडर करा. क्विकटाइम म्हणजे `.mov`, आवाज लिनिअर पीसीएम, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. मॅक असता तर प्रोरेस ४२२ एचक्यू सांगितलं असतं. या कामापुरता दोहोंत फरक नाही, त्यामुळे त्यावरून वाद घालत बसू नका. विंडोजवर डीएनएक्सएचआर बिनबोभाट लिहिता येतं आणि ते उघडायला पुढेमागे अडचण येण्याची शक्यता कमी, कारण तो कोडेक एसएमपीटीईच्या व्हीसी-३ या मानकावर उभा आहे आणि मोफत असलेला एफएफएमपेगही तो वाचतो.

तुमच्या १०८०पी, २५ फ्रेमच्या टाइमलाइनला या मास्टरचा बिटरेट सेकंदाला सुमारे १८४ मेगाबिट पडतो. ४२ मिनिटं म्हणजे २,५२० सेकंद. गुणून आठानं भागलं की साधारण ५८ जीबी होतात. एमपी४च्या साडेनऊपटीहून थोडे जास्त. आकडा बघून तुम्ही दचकाल, पण प्रश्न ६ विरुद्ध ५८ असा नाहीच. तो १,४०० विरुद्ध ५८ असा आहे.

आता एमपी४ का नको ते नीट सांगतो, कारण तुमचा मित्र अगदीच चुकीचं बोलत नाही. ती फाइल टीव्हीवर लावली तर डोळ्याला काही कमी दिसणार नाही. ती *बघायला* उत्तम आहे. अडचण येते तिच्यातून पुन्हा काही काढायची वेळ आली की. तुमच्या कॅमेऱ्यानं १० बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १,०२४ पायऱ्यांत चित्र टिपलं. नेहमीच्या एच.२६४ मध्ये त्या २५६ उरल्या. शिवाय रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच ठेवली गेली. अजिंक्यताऱ्यावरून पहाटेचं आकाश घेतलेलं असेल, तर निळ्याकडून केशरीकडे जाणारा तो उतार या २५६ पायऱ्यांत कसाबसा बसतो. दोन वर्षांनी संस्था म्हणाली की हॉलच्या प्रोजेक्टरवर फारच काळोखं दिसतं, जरा उजळ करून द्या, आणि तुम्ही एमपी४वरच उजेड वाढवला, तर त्या आकाशात पट्टे उभे राहतील आणि सावल्यांमध्ये चौकटी दिसू लागतील. मग त्यातून यूट्यूबची नवी फाइल काढाल, तिच्यावर यूट्यूब स्वतःचं कॉम्प्रेशन करेल. मूळ एमपी४ धरली तर ही झाली तिसरी पिढी.

दुसरी गोष्ट एच.२६४च्या रचनेतली. त्यात पूर्ण चित्र मधूनमधूनच असतं. मधल्या फ्रेममध्ये फक्त शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं ते लिहिलेलं असतं. डिस्कवर एखादी जागा खराब झाली तर पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंतचा सगळा तुकडा विस्कटतो. डीएनएक्सएचआर आणि प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून अशी इजा बहुधा एखाद-दुसऱ्या फ्रेमपुरती राहते. (फाइलची अनुक्रमणिकाच बिघडली तर मात्र दोन्ही प्रकार उघडत नाहीत. त्यामुळे एवढ्यावर विसंबून दुसरी प्रत ठेवणं टाळू नका.)

आणि ‘यूट्यूबवर तर आहेच की’ असं कुणी म्हणालं तर त्याला यूट्यूब स्टुडिओतून आपलाच व्हिडिओ उतरवून बघायला सांगा. हाती येते ती जास्तीत जास्त ७२०पीची एमपी४.

तुम्हाला ‘लॉसलेस’ सांगणाऱ्यांचा रोख बहुतेक एफएफव्ही१ वर असणार. तो कोडेक मला मनापासून आवडतो. एकही बिट न गमावता जागा वाचवतो, फुकट आहे, २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ म्हणून त्याची व्याख्या छापून आली आणि अभिलेखागारांतली माणसं तो रोज वापरतात. पण तुमच्या कामाला तो अडचणीचा. एक तर बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरला तो थेट टाइमलाइनवर घेता येत नाही. दरवेळी आधी बदलून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे जागा. तुमचं चित्र अजिबात न दाबता १० बिट ४:२:२ मध्ये ठेवलं तर ४२ मिनिटांचे ३२५ जीबीच्या आसपास होतात. एफएफव्ही१ त्यातले बरेच वाचवेल, पण ५८ च्या जवळपासही येणार नाही. एखाद्या संग्रहालयाची एकमेव व्हीएचएस डिजिटल करत असाल आणि ती कॅसेट उद्या चालेल याची खात्री नसेल, तर एफएफव्ही१ शिवाय दुसरं काही करू नका. ग्रेडिंग होऊन तयार झालेल्या माहितीपटाला एचक्यूएक्स पुरतं.

### रेंडर करताना

डिलिव्हर पानावर एचक्यूएक्स निवडताना जरा डोळे उघडे ठेवा. यादीत `DNxHR HQ` आणि `DNxHR HQX` ही नावं जवळजवळच असतात. पहिला ८ बिटचा आहे. फाइलचा आकार जवळपास तेवढाच येतो, त्यामुळे नंतर आकारावरून चूक ओळखू येत नाही. ५८ जीबी खर्चून ८ बिट ठेवण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, त्याच पानावर अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये `Use optimized media`, `Use proxy media` आणि `Use render cached images` असे चौकोन असतात. मास्टरसाठी तिन्ही रिकामे ठेवा. लॅपटॉपवर फोर-के झेपत नाही म्हणून तुम्ही प्रॉक्सी केल्या असणारच. त्या चौकोनात टिक तशीच राहिली तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे त्या छोट्या प्रॉक्सी फाइलींमधूनच मास्टर बनवतं, कुठलीही सूचना देत नाही. अशा मास्टरवर माणसांचे केस आणि साडीचे काठ किंचित मऊ दिसतात. लॅपटॉपच्या पडद्यावर ते लक्षातही येत नाही. रेंडर जास्त वेळ खाईल, रात्री लावून झोपा.

तिसरी गोष्ट डेटा लेव्हलची. व्हिडिओत काळा आणि पांढरा यांच्या ठरलेल्या पातळ्या असतात. १० बिटमध्ये काळा ६४ वर आणि पांढरा ९४० वर. सेटिंग `Auto` वर असू द्या. कुणीतरी कुठल्यातरी ट्युटोरियलमध्ये सांगितलं म्हणून `Full` केलं, तर फाइल एका ठिकाणी ठीक दिसते आणि दुसरीकडे काळे भाग गिळून टाकते.

टाइमलाइन १०८०पी आहे तर मास्टर १०८०पीच काढा. नंतर कामाला येईल म्हणून तो फोर-केला ताणू नका. नुसते पिक्सेल वाढतील, जागा चौपट जाईल. फ्रेम रेटही २५च. कुठल्या महोत्सवाला डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीची प्रत, हवी झाली, तिथे २४ फ्रेम मागितले, तर तो बदल त्या वेळी मास्टरवरून करायचा. मास्टर स्वतः कुणाच्या मागणीप्रमाणे वाकवायचा नाही.

### नावपट्ट्या आणि आवाज

नुसता सुंदर मास्टर ठेवूनही माणसं अडकतात ती इथे. माहितीपटांबाबत परत येणारे फोन बहुतेक दोनच कारणांचे असतात. एक, ‘अध्यक्ष बदलले, पट्टीवरचं पद बदलून द्या’ किंवा ‘सरांच्या आडनावात चूक राहिलीय’. दोन, ‘यूट्यूबनं गाण्यावर क्लेम लावलाय, संगीत काढून टाका’. तुमच्या मास्टरमध्ये नावपट्टी चित्रात भाजली गेली आहे आणि संगीत निवेदनात मिसळलं आहे. कोडेक कितीही चांगला असला तरी ती दोन्ही परत वेगळी करता येत नाहीत.

पट्टीचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. ज्या ज्या शॉटवर अक्षरं आहेत तेवढेच शॉट अक्षरांशिवाय पुन्हा एकदा घ्यायचे आणि मूळ फिल्म संपल्यावर दहा सेकंद काळं सोडून, त्याच टाइमलाइनच्या शेवटी ओळीनं लावायचे. सोबत ग्रेडिंगही कॉपी झालेलं असू द्या. तुमच्या माहितीपटात असे शॉट सगळे मिळून पाच मिनिटांचे धरले तर सात जीबी वाढतील. पुढे पट्टी बदलायची झाली तर शेपटातला तो शॉट उचलून मूळ जागी ठेवायचा, त्यावर नवी पट्टी, बस्स. पूर्ण फिल्म दुसऱ्यांदा बिनअक्षरी काढण्याची गरज नाही. मात्र क्रॉस डिझॉल्व्हच्या मधोमध अक्षरं असतील तर दोन्ही बाजूंचे शॉट संक्रमणासकट घ्या, नाहीतर सांधा जुळत नाही.

‘प्रोजेक्ट फाइल ठेवलीच आहे, त्यातून बदलेन’ असं मनात येत असेल तर फॉन्टचा विचार करा. मराठी कामात प्रोजेक्ट फाइल सगळ्यात आधी इथेच दगा देते. पट्ट्या युनिकोडमध्ये असतील तर निदान अक्षरं वाचता येतील, फॉन्ट बदललेला दिसेल. पण छापखान्याकडून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तसाच चिकटवलेला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या लॅपटॉपवर ‘प्राचार्य’च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. प्लगइन आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचंही तेच. प्रोजेक्ट `.drp` म्हणून एक्सपोर्ट करून जरूर ठेवा, वापरलेले फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये टाका, पण ती फाइल उघडेलच असं धरून चालू नका.

आवाजासाठी मास्टरमध्येच चार ट्रॅक ठेवा. पहिला पूर्ण मिक्स, दुसरा फक्त निवेदन आणि मुलाखती, तिसरा फक्त संगीत, चौथा बाकीचे सगळे आवाज: शाळेची घंटा, संचलन, पाऊस. फेअरलाइटमध्ये प्रत्येकाला वेगळा बस द्या आणि डिलिव्हर पानावर आवाजाच्या भागात आउटपुट ट्रॅक वाढवून एकेक बस निवडा. चार स्टीरिओ ट्रॅक मिळून तीन जीबीच्या आसपास येतात. संगीतावर क्लेम आला की तिसरा सोडून दुसरा आणि चौथा घ्यायचा, नवं संगीत खाली सरकवायचं. एक बारकावा मात्र आहे. मुख्य बसवर लिमिटर किंवा कॉम्प्रेसर असेल तर तीन वेगळे ट्रॅक एकत्र लावल्यावर मूळ मिक्सशी तंतोतंत जुळत नाहीत. ते थोडे मोठे लागतात. त्यात बिघडलं काही नाही, नव्यानं पातळी लावून घ्यायची.

आणि हो, असा चार ट्रॅकचा मास्टर संस्थेला सरळ देऊ नका. कुठल्यातरी प्लेअरमध्ये संगीताचाच ट्रॅक निवडला जाईल आणि रात्री साडेनऊला फोन येईल की आवाज गेला.

### मास्टर खरा आहे का, ते तपासणं

रेंडर संपल्याची टिंग वाजली म्हणजे मास्टर झाला असं नाही. दोन तपासण्या करा, दोन्ही प्रोजेक्ट पुसण्याआधी.

पहिली रिझॉल्व्हमध्येच. नवी फाइल मीडिया पूलमध्ये घ्या, मूळ टाइमलाइनच्या वरच्या ट्रॅकवर पहिल्या फ्रेमला जुळवून ठेवा आणि तिचा कंपोझिट मोड `Difference` करा. आता पडद्यावर दोन चित्रांतला फक्त फरक दिसतो. सगळं ठीक असेल तर पडदा काळा. एचक्यूएक्स पूर्ण लॉसलेस नसल्यानं उजेड खूप वाढवला तर बारीक दाणे दिसतील, ते चालतात. पण चित्र भुतासारखं ओळखू येत असेल तर पातळ्या चुकल्या आहेत. वस्तूंच्या कडा रेघांसारख्या उजळत असतील तर एकतर फाइल एका फ्रेमनं सरकली आहे, नाहीतर प्रॉक्सीचं मऊ चित्र रेंडर झालं आहे. ठिकठिकाणी थांबून बघा. विशेषतः कॅसेटचं फुटेज, जिथे वेग बदललाय ते शॉट आणि शेवटची श्रेयनामावली.

दुसरी तपासणी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते का याची. एफएफएमपेग उतरवून घेतला असेल तर ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -v error -i master.mov -map 0 -f null -
```

ती फाइलमधली प्रत्येक फ्रेम आणि चारही ट्रॅक उलगडून बघते आणि काही लिहीत नाही. पडदा कोरा राहिला तर फाइल ठीक. एखादी ओळ उमटली तर पुन्हा रेंडर. (टाइमकोडच्या ट्रॅकवर तक्रार आली तर `-map 0` ऐवजी `-map 0:v -map 0:a` लिहा.) मग ठसा घ्या:

```
certutil -hashfile master.mov SHA256
```

विंडोजमध्ये हे आधीपासूनच असतं. जी लांबलचक अक्षरमाळ येते ती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मास्टरच्या शेजारी ठेवा. दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्यावर तिथेही हीच आज्ञा द्या. माळ अक्षर न् अक्षर जुळली तर कॉपी खरी. वर्षाकाठी एकदा तपासताना हीच माळ कामाला येते. त्याच टेक्स्ट फाइलमध्ये चार ओळी लिहून ठेवा: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, रेक.७०९, `DNxHR HQX 10-bit`, कुठल्या ट्रॅकवर कुठला आवाज, बिनअक्षरी शॉट कितव्या मिनिटापासून सुरू होतात. पाच वर्षांनी ‘फायनल_नवीन_२’ या नावावरून तुम्हालाच काही आठवणार नाही.

### अपलोडच्या फाइली मास्टरमधूनच

मास्टर पक्का झाल्यावर अपलोडची प्रत तिच्यातून काढायची सवय लावा. टाइमलाइनवरून वेगळी, मास्टर वेगळा असं केलं की दोहोंत कधीतरी तफावत पडते: यूट्यूबवर सुधारलेलं आडनाव, मास्टरमध्ये जुनंच. यूट्यूबसाठी हे पुरेसं आहे:

```
ffmpeg -i master.mov -map 0:v:0 -map 0:a:0 -t 00:42:00 -c:v libx264 -preset slow -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 384k -movflags +faststart upload.mp4
```

यातले दोन `-map` फक्त चित्र आणि पहिला, म्हणजे पूर्ण मिक्सचा, ट्रॅक घेतात. `-t` फिल्म संपली तिथेच थांबतो, शेपटातले बिनअक्षरी शॉट यूट्यूबवर जात नाहीत. तिथे तुमच्या फिल्मची नेमकी लांबी टाका. `-crf` चा आकडा कमी केला तर दर्जा आणि आकार वाढतो. २५ फ्रेमच्या १०८०पी व्हिडिओला यूट्यूब स्वतः ८ मेगाबिट सुचवतं, त्यापेक्षा जास्त दिलंत तर नुकसान नाही. इंटरनेट दणकट असेल तर मास्टरच्या जवळपासची मोठी फाइलही चढवता येते, पण पाहणाऱ्याला त्यातून मिळणारा फरक तुमच्या अपलोडच्या वेळाच्या मानानं किरकोळ आहे.

या अपलोडच्या प्रती जपून ठेवायची गरज नाही. हरवल्या तर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा होतात. नव्या कोडेकचं खूळ आलं तर तेव्हा त्यातही काढता येतील.

### मग १.४ टीबीचं काय?

मास्टर रंगांचे निर्णय होऊन गेलेलं चित्र आहे. त्यात उजेड थोडा इकडेतिकडे होईल, पण पूर्ण नवं ग्रेडिंग होणार नाही. उभ्या रीलसाठी १०८०पीमधून कापलं तर जेमतेम ६०८ पिक्सेलची रुंदी हाती लागते, तीच मूळ फोर-केमधून सुमारे १,२१५ मिळते. म्हणून मूळ फुटेज सरसकट पुसू नका, निवड करा.

डीव्हीच्या फाइली सगळ्यात आधी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. फायरवायरवरून उतरवलेलं डीव्ही म्हणजे कॅसेटवरच्या डिजिटल माहितीचीच नक्कल असते, तासाला १३ जीबी. ते डीएनएक्सएचआर किंवा एफएफव्ही१ मध्ये बदललं तर आकार वाढेल, चित्र एका कणानंही सुधारणार नाही. मात्र ते कुणीतरी आधीच एमपी४ करून दिलेलं असेल आणि कॅसेटी अजून संस्थेच्या कपाटात असतील, तर कॅमेरा किंवा डेक चालू मिळतोय तोवर फायरवायरवरून पुन्हा उतरवून घ्या. डेक मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय.

मुलाखतींचं मूळ फुटेज, निदान वयस्कर शिक्षकांचं, पूर्ण लांबीचं आणि कॅमेऱ्यातून आलं तसंच ठेवा. फिल्ममध्ये दोन मिनिटं वापरली असली तरी संस्थेला पुढे उरलेली चाळीस मिनिटं हवी होतील. बाकी शॉटसाठी रिझॉल्व्हमध्ये `File` खाली `Media Management` आहे. तिथे टाइमलाइन निवडून वापरलेलाच भाग आणि दोन्ही बाजूंना एकेक सेकंदाचं शेपूट एवढंच कॉपी करता येतं. काही कॅमेऱ्यांच्या फाइली ते कापू शकत नाही, मग अख्खी क्लिप येते. ते गृहीत धरा. न वापरलेलं ड्रोनचं फुटेज, इमारतीचे बारा कोन, प्रॉक्सी, ऑप्टिमाइज्ड मीडिया, रेंडर कॅश हे सगळं बेलाशक पुसा. बहुतेक प्रोजेक्टांत सर्वांत जास्त जागा याच मंडळींनी खाल्लेली असते.

हे सगळं दोन वेगवेगळ्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक घराबाहेर. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला योग्य नाही, तो काम करायला वापरा. डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट किंवा एनटीएफएस निवडा. जुनी पेन ड्राइव्ह किंवा डिस्क एफएटी३२ वर असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेतच नाही, आणि मग माणसं नाइलाजानं मास्टर लहान करायला लागतात. ४ टीबीच्या डिस्कवर बिनअक्षरी शॉट आणि आवाजाच्या ट्रॅकांसकट एवढ्या लांबीचे पन्नासच्या वर मास्टर मावतात, त्यामुळे जागेची तक्रार इथपर्यंत येणार नाही.

प्रत्येक कामाला एवढा खटाटोप मात्र नको. बारशाची तीन मिनिटांची क्लिप, दुकानाच्या उद्‌घाटनाचं रील यांना चांगल्या बिटरेटची एमपी४ पुष्कळ झाली. लग्नाच्या पूर्ण फिल्मबद्दल मी मधला मार्ग सुचवीन: एच.२६५, १० बिट ४:२:२, सेकंदाला ८० मेगाबिटच्या आसपास. तुमच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डला तो प्रकार लिहिता येतो का ते आधी एका मिनिटाच्या तुकड्यावर बघून घ्या. पण ज्या फिल्ममध्ये २००३ च्या कॅसेटी आणि निवृत्त शिक्षकांच्या मुलाखती आहेत तिला ५८ जीबी द्याच.

प्रोजेक्ट पुसण्याआधी संस्थेला एक पत्र किंवा ईमेल करा: अमुक तारखेला मूळ फुटेज काढून टाकत आहे, हवं असल्यास डिस्क आणून द्या. तारीख महिनाभर पुढची द्या. आणि पुढच्या कामाच्या कोटेशनमध्ये मास्टर किती वर्षं तुमच्याकडे राहील, त्यातून बदल करून देण्याचे किती पैसे आणि डिस्कचा खर्च कुणाचा, या तीन ओळी आधीच घाला.